तीस वर्षांनी पुन्हा बुलेट : पुणे, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर आणि कुंभार्ली घाट

पंचविशीत असताना माझ्याकडे वडिलांची ३५० सीसी बुलेट होती. नोकरी बदलली, संसार वाढला, चारचाकी आली आणि १९९४ साली ती बुलेट विकली. त्यानंतर मोटारसायकलच्या हँडलला माझा हात लागला नाही. पंचावन्नाव्या वर्षी क्लासिक ३५० घेतली ती केवळ जुन्या ओढीने. मात्र घेतल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला न निघता दीड महिना सरावाला दिला. त्या सरावाबद्दल आधी लिहितो, कारण पुढचा सगळा प्रवास त्याच्या जोरावर झाला.

आमच्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. आता गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला, पहिला खाली आणि उरलेले चार वर. शांतपणे चालवताना डोके हा फरक सहज सांभाळते. पण एखादे कुत्रे अचानक आडवे आले की निर्णय डोके घेत नाही, पाय घेतो, आणि पायाला तीस वर्षांपूर्वीचेच आठवते. डावा पाय जोरात खाली दाबला गेला तर ब्रेक लागत नाही, उलट एक गिअर खाली पडतो. ही सवय मोडायची तर रिकाम्या मैदानावर तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याला पर्याय नाही.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. तेव्हा दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि चालवायला शिकवणारा प्रत्येक जण बजावत असे, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.’ सारा भरवसा मागच्या ब्रेकवर असे. आता पुढे डिस्क आहे आणि चाक लॉक होऊ न देणारी एबीएस आहे. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीचीच झाली. ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते, म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. मैदानावर खडूने रेघ मारून ताशी चाळीसच्या वेगाने आलो आणि फक्त मागचा ब्रेक लावला, तेव्हा गाडी थांबेपर्यंत चोवीस-पंचवीस पावले अंतर गेले. दोन्ही ब्रेक एकत्र लावले तेव्हा बारा-तेरा पावलांत ती उभी राहिली. पुढचा लीव्हर एकदम आवळायचा नाही. आधी दोन बोटांनी भार घ्यायचा, पुढचे शॉकअब्सॉर्बर दबल्याचे जाणवले की मग जोर वाढवायचा. हे अंगात मुरल्यावरच मी भाच्याला फोन केला. तो सत्तावीस वर्षांचा, दोनशे सीसीच्या गाडीवर कोकण पालथे घातलेला. तो सोबत यायला तयार झाला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिला दिवस : पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे सव्वासहाला चांदणी चौक ओलांडला. नव्या उड्डाणपुलांमुळे तो आता ओळखू येत नाही, आणि कोणती मार्गिका पौडकडे उतरते हे आधी नकाशावर पाहून ठेवणे बरे. पिरंगुटपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या आणि मालवाहू टेम्पो यांची रांग असते. सातच्या आत तो पट्टा मागे टाकला तर मुळशीचा जलाशय निवांत पाहायला मिळतो. धरणाच्या कडेने धुके इतके दाट होते की भाच्याच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. धुक्यात हेल्मेटची काच आतून धुरकटते; ती बोटभर उघडी ठेवली की निवळते.

ताम्हिणीच्या अलीकडे एका टपरीवर चहा आणि गरम कांदाभजी घेतली. टपरीच्या आजी माझ्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘दादा, लाइट चालू राह्यलाय बघा.’ २०१७पासून दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करायचे बटणच नसते, हे त्यांना सांगितले. वाटेत आणखी तिघा-चौघांनी बोटांची उघडझाप करून तीच खूण केली. तीस वर्षांपूर्वीही रस्त्यावर अनोळखी माणसे अशीच खूण करायची, आणि ती सवय अजून टिकून आहे हे पाहून मला मनापासून बरे वाटले.

घाट उतरताना जुनी विद्या कामी आली. दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडून दिला की इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतात. नव्या इंजिनची ताकद कागदावर जुन्यापेक्षा फारशी जास्त नाही. अठराच्या जागी वीस अश्वशक्ती एवढाच फरक. पण जुन्या गाडीच्या हादऱ्यांनी पन्नास किलोमीटरनंतर तळवे बधिर होत, तसे आता होत नाही. हा गुण आहे आणि धोकाही आहे. जुन्या गाडीत वेग साठच्या वर गेला की हँडल, पायदाणी आणि टाकी सगळीच कुरकुर करून सांगत. आता ऐंशीचा वेगही साठसारखा वाटतो, म्हणून वळणाआधी काट्याकडे नजर टाकावी लागते. वळणाचा अंदाज इंजिनच्या आवाजावरून बांधण्याची माझी सवय या गाडीवर उपयोगाची नव्हती.

माणगावात मुंबई-गोवा महामार्ग ओलांडताना वीस मिनिटे गेली. पुढे म्हसळ्याचा रस्ता अरुंद पण मोकळा. कापणी झालेल्या भातखाचरांत पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि हवेत थंडी उरली नव्हती. दुपारी दोनला हरिहरेश्वरात पोहोचलो. उतरलो त्या घरच्या काकूंनी तांदळाची भाकरी, वालाची उसळ, मोदकं नावाच्या माशाचे तिखले आणि सोलकढी वाढली. संध्याकाळी ओहोटी पाहून प्रदक्षिणेच्या वाटेवर गेलो. खडकात लाटांनी कोरलेली जाळी तिथे हाताच्या अंतरावर पाहता येते. भरतीच्या वेळी त्या वाटेवर जाऊ नये आणि ओहोटीची वेळ गावातच विचारून घ्यावी.

दुसरा दिवस : हरिहरेश्वर ते हर्णै

बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट, जिला इथे सगळे जंगलजेटी म्हणतात, माझ्या तरुणपणी नव्हती. तेव्हा खाडीच्या पलीकडे मोटारसायकल न्यायची म्हणजे एक तर मोठा वळसा, नाही तर होडीवाल्याची मनधरणी. आता तिकीट काढून सरळ बोटीवर चढता येते. लोखंडी उतार ओला असतो आणि त्यावर डिझेलचे डागही असतात. तिथे पुढचा ब्रेक अगदी हलका, पहिला गिअर आणि दोन्ही पाय जमिनीजवळ. बोटीवर गाडी साइड स्टँडवर लावून गिअरमध्येच ठेवावी, म्हणजे लाटेने बोट हलली तरी ती पुढे सरकत नाही. दोर सोडणाऱ्या खलाशाने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून विचारले, ‘काका, हिला किक नाय?’ नाही म्हटल्यावर त्याला हळहळ वाटली. त्याच्या आजोबांची बुलेट होती म्हणाला.

त्या किकबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पिस्टन दाबाच्या टोकाला आणायचा, अँमीटरचा काटा मधोमध आला की डीकॉम्प्रेशनची कळ ओढून किक जराशी पुढे ढकलायची, कळ सोडायची, पाय वर आणायचा आणि मग अंगाचा पूर्ण भार टाकायचा. हे जमले की एका किकमध्ये इंजिन धडधडू लागे. चुकले की किक उलटी येऊन पोटरीवर बसे. आज बटण दाबले की काम होते. थंडीत चोक ओढावा लागत नाही, पेट्रोलचा कॉक नाही आणि म्हणून रिझर्व्हही नाही. हा शेवटचा बदल मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. पूर्वी गाडी आचके देऊ लागली की कॉक फिरवून आणखी तीस-चाळीस किलोमीटर हमखास मिळत. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्यानेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी होईपर्यंत चालवणे पंपाला घातक असते. किनाऱ्यावर पेट्रोलपंप विरळ आहेत. माणगाव, दापोली आणि गुहागर या तीन ठिकाणी टाकी भरून घेतली की चिंता राहत नाही.

वेळास, केळशी, आंजर्ले हा टापू म्हणजे या प्रवासाचे सुख. एका बाजूला सुपारीच्या वाड्या, चिऱ्यांचे गडगे, आणि रस्ता एवढा अरुंद की समोरून एस.टी. आली की गडग्याला टेकून उभे राहायचे. इथली वाहतूक मला ओळखीची वाटली. वेग तीस-चाळीस, आणि आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, ही रीत बदललेली नाही. बदलल्या आहेत त्या पर्यटकांच्या मोठ्या गाड्या. त्या पूर्ण रस्ता व्यापतात आणि चालकांना अशा रस्त्याची सवय नसते. शनिवार-रविवार टाळून येण्याचा भाच्याचा आग्रह म्हणूनच योग्य होता.

या रस्त्यावर जपायचे ते जांभ्याच्या खडीला. वळणाच्या कडेला लाल बारीक खडे साचतात आणि सावलीत ते दिसत नाहीत. केळशीच्या अलीकडे एका उतारावर मी मुद्दाम गाडी हळू करून मागचा ब्रेक दाबून पाहिला. पायाखाली पॅडल थडथडले, चाक लॉक झाले नाही, पण गाडी अपेक्षेपेक्षा बरीच पुढे गेली. एबीएस डांबरावर तारून नेते. सुट्या खडीवर मात्र चाक सतत सुटत राहिल्यामुळे थांबायचे अंतर वाढते. गाडीत एबीएस आहे म्हणून खडीवर वेग वाढवू नये. वळणात शिरण्याआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेकचे काम संपवावे.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. होड्यांतून टोपल्या उतरतात, बायका भोवती कोंडाळे करतात आणि आकडा असा वेगाने चढतो की नवख्याला कोणाची बोली पक्की झाली हे कळतही नाही. आम्ही दोन पापलेटे घेतली आणि उतरलो तिथल्या ताईंनी ती तव्यावर भाजून दिली.

तिसरा दिवस : हर्णै ते गुहागर

दापोली मागे टाकून दाभोळकडे उतरताना मागचे चाक डोलू लागले. थांबून पाहिले तर टायरमध्ये चपट्या डोक्याचा खिळा. जुन्या बुलेटचे मागचे चाक पंक्चर होणे म्हणजे अर्धा दिवस जाणे. चाक काढायचे, टायर उकलून ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे पाहून ठिगळ लावायचे आणि सगळे उलट्या क्रमाने पुन्हा बसवायचे. या वेळी मी मुद्दाम अलॉय चाकांची गाडी घेतली होती, कारण त्यांवर ट्यूबलेस टायर बसतात. तारांच्या चाकांची गाडी दिसायला देखणी असली तरी तिच्यात अजून ट्यूबच असते.

ट्यूबलेसमधून हवा एकदम जात नाही, हळूहळू झिरपते, त्यामुळे रस्त्याकडेच्या एका पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जाता आले. विशी-बाविशीचा मुलगा होता. त्याने पक्कडीने खिळा ओढला, कानशीसारख्या पिळाच्या सळईने भोक आतून घासून साफ केले, चिकट रबराची पट्टी सुईच्या नाकात ओवली, सोल्युशन लावले आणि अंगाचा भार देऊन ती आत खुपसली. सुई झटक्यात ओढून घेतल्यावर पट्टीची दोन टोके बाहेर राहिली, ती त्याने ब्लेडने छाटली आणि वर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहिले. सगळे दहा मिनिटांत झाले. पैसे देताना तो म्हणाला, ‘काका, पट्टी तात्पुरती म्हणा. घरी गेलात की आतून मशरूम पॅच मारून घ्या.’ सल्ला खरा आहे. पट्टी ट्रेडच्या भागात टिकते, पण टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडले असेल तर तिच्यावर विसंबू नये, टायरच बदलावा. पट्ट्या, सुई आणि हवा भरायचा छोटा पंप जवळ असावा. तिन्ही मिळून सीटखालच्या डब्यात नाही तर बॅगेच्या खिशात मावतात.

दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली. गुहागरात व्याडेश्वराचे दर्शन घेऊन एका खाणावळीत जेवलो. केळीच्या पानावर भात, साधे वरण, फणसाच्या आठळ्या घातलेली भाजी आणि उकडीचा मोदक. संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. तिथे भाचा एक गोष्ट बोलला, जी दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडली.

‘मामा, तुम्ही पुढे फार छान बघता. पण आरशात बघायचं तुमच्या काळी कोणी शिकवलंच नव्हतं का?’

नव्हतेच शिकवले, आणि त्याला कारण होते. आमच्या गाड्यांना बहुधा उजवीकडे एकच आरसा असे, आणि तो इतका थरथरे की मागे बस आहे की बैलगाडी हे कळत नसे. शिवाय मागून येणार कोण? १९९०च्या सुमारास भरलेला ट्रक चाळीसने जात असे, एस.टी. पन्नास-साठने, आणि रस्त्यावरच्या मोटारी मोजक्या. साठ-पासष्टने जाणारी बुलेटच बहुतेकांना मागे टाकत असे. त्यामुळे धोका समोर असे. आज सहापदरी महामार्गावर मोटारी शंभर-एकशेदहाने येतात, रिकामे ट्रक ऐंशीने, आणि सत्तर-ऐंशीने जाणारा मोटारसायकलवाला हा त्या प्रवाहातला सर्वांत हळू आणि सर्वांत उघडा माणूस असतो. धोका आता पाठीमागून येतो. तीस वर्षांतल्या बदलांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

चौथा दिवस : गुहागर ते पुणे

पहाटे निघालो, चिपळूणला मिसळ खाल्ली आणि कुंभार्ली घाट चढलो. घाटात साखर आणि कोळसा वाहणारे ट्रक असतात. त्यांना वळणावर नव्हे, वळण संपून रस्ता सरळ झाल्यावरच ओलांडावे. कोयनानगरला ऊन अंगावर घेत चहा प्यायलो. पाटणच्या पुढे उसाचे फड लागले आणि उंब्रजला महामार्गाला मिळालो.

डिसेंबरात या पट्ट्यात साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत डोक्यापेक्षा उंच ऊस, मागे दिवा किंवा परावर्तक क्वचितच, आणि वेग ताशी वीस. सर्वांत डाव्या मार्गिकेतून आपण सत्तरने जात असलो तर अशा ट्रॉलीशी आपले अंतर सेकंदाला सुमारे चौदा मीटरने कमी होते. दोनशे मीटरवर ती दिसली तर हातात चौदा सेकंद आहेत. हा वेळ पुरेसा वाटतो. पण त्याच वेळी मधल्या मार्गिकेत दीडशे मीटर मागे एकशेदहाने मोटार येत असेल तर ती साडेतेरा सेकंदांत आपल्याला गाठते. ट्रॉली जवळ येईपर्यंत थांबून मग बाहेर पडलो तर नेमके तिच्या शेजारी असताना मोटार पाठीवर येते. आरसा बहिर्गोल असल्यामुळे मागची गाडी आहे त्यापेक्षा दूर भासते, हे त्यात आणखी.

म्हणून मी असा क्रम ठेवला : ट्रॉली दिसताच आधी आरसा; मागे वेगाने काही येत असेल तर ओलांडण्याचा विचार सोडून वेग पन्नासवर आणायचा आणि ते पुढे जाऊ द्यायचे; मग पुन्हा आरसा, इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून एक झटकन नजर, आणि मगच बाहेर. खांद्यावरची नजर टाळू नये, कारण आरशाच्या कोपऱ्याबाहेर एक आख्खी मोटार लपते. पन्नाशीनंतर मान तितकी वळत नाही. त्यासाठी मी रोज सकाळी मानेचे व्यायाम करतो. उंब्रज ते सातारा एवढ्या अंतरात हा क्रम इतक्यांदा करावा लागला की साताऱ्यापुढे तो आपोआप होऊ लागला.

मोठा कंटेनर शेजारून गेला की हवा आधी आपल्याला डावीकडे ढकलते आणि तो पुढे सरकताच उजवीकडे ओढते. हँडल घट्ट धरले तर हा झोत हातांवाटे गाडीच्या दिशेत उतरतो. कोपर सैल ठेवून गुडघ्यांनी टाकी दाबली की गाडी स्वतःच सावरते. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे नाहीत; अगदी डावीकडची अरुंद वाट तिच्यासाठी असते, मात्र तिथे वाळू आणि तेल साचलेले असते.

साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकी बोगद्यातून जावे लागते. उन्हातून अंधारात शिरताना डोळे स्थिरावायला पन्नाशीत जास्त वेळ लागतो. भाचा पारदर्शक काच वापरतो, माझी गडद होती, म्हणून बोगद्याआधी थांबून मी काच वर केली आणि साधा चष्मा लावला. बोगदा संपताच उतारावर इंग्रजी एस आकाराचे वळण आहे आणि तिथे अपघात होत आले आहेत, त्यामुळे बोगद्यातच वेग कमी करून डावीकडे राहिलो.

शिंदेवाडीला आम्ही महामार्ग सोडला आणि जुन्या कात्रज घाटाने शहरात उतरलो. नव्या बोगद्यापुढे नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. अवजड वाहने तिथे ब्रेक तापून किंवा न्यूट्रलमध्ये सोडल्यामुळे अनावर होतात आणि पुढच्या रांगेवर आदळतात, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. दुचाकीवर त्या रांगेत शेवटचे उभे राहण्यापेक्षा जुन्या घाटाची वळणे आणि पंधरा मिनिटांचा उशीर मला केव्हाही मान्य आहे. ज्यांना नव्या बोगद्यानेच यायचे असेल त्यांनी उतारावर रांग दिसली तर तिच्या मधोमध न थांबता कडेला, पुढे निसटायला जागा ठेवून आणि पहिल्या गिअरमध्ये थांबावे, आणि मागे निदान दोन गाड्या येऊन उभ्या राहीपर्यंत आरशावरची नजर काढू नये.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने नीट धुतली, कारण खाऱ्या वाऱ्याने चेन आणि ब्रेकचे बोल्ट लवकर गंजतात. चेन रॉकेलने पुसून तेल दिले, मागच्या टायरला आतून पॅच मारून घेतला आणि पुढचे ब्रेकपॅड तपासले. पुढचे पॅड मागच्यापेक्षा जास्त झिजले होते. उजव्या हाताने आपले काम केल्याचा तो पुरावा होता. येत्या फेब्रुवारीत याच रस्त्याने वेळासला कासवांच्या वेळी जायचे आहे, तेव्हा दिवस आठवड्यामधले निवडावेत आणि गडद काच घरी ठेवावी, अशी नोंद मी वहीत करून ठेवली आहे.